काळ्या मातीला पाचवा वाटा पुरे: मराठवाड्यातल्या गच्चीसाठी कुंडीचं मिश्रण, पायरीपायरीने

दरवर्षी ऑगस्टमध्ये एकच तक्रार ऐकू येते. टोमॅटोची पानं पिवळी पडली, मिरची जागेवरच बसली, कुंडीला हात लावला तर माती ओली, तरी झाड मात्र सुकलेलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "माती तर चांगली काळीभोर आणली होती, शेतातली." कुठेकुठे ती तळ्यातल्या गाळाचीही असते. लातूरला गच्चीवर पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. गावच्या तळ्यातला गाळ गोणीने आणला, निम्मं शेणखत घातलं, पिशव्या भरल्या. पावसाळ्यात त्यांत चिखल झाला. नंतर उन्हात माती आक्रसली आणि पिशवीच्या कडेने बोटभर फट पडली. वरून पाणी घातलं की त्या फटीतून सरळ खाली जायचं आणि मधला गोळा कोरडाच राहायचा.

शेतात हीच माती सोनं पिकवते, कारण तिथे ती काही फूट खोल असते आणि तिच्या भेगा, मुळं, गांडुळं पाण्याला वाट देतात. फूटभर उंचीच्या पिशवीत यातलं काहीच नसतं. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, आणि पिशवीत हा फुगण्या-आक्रसण्याचा खेळ थेट मुळांवर चालतो.

तरी काळी माती पूर्ण काढून टाकू नका. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालींचा भुसा, आणि गांडूळखत भरलेली पिशवी एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत कोरडी होते आणि दोन-तीन महिन्यांत पाण्याबरोबर तिचं खतही वाहून जातं. खत धरून ठेवायची ताकद काळ्या मातीत जबर असते. ती हवीच, फक्त पाचव्या वाट्याएवढी.

खालचं प्रमाण १२ × १२ इंची ग्रो बॅगसाठी आणि भाजीसाठी आहे. उदाहरण म्हणून १२ पिशव्यांचा हिशेब शेवटपर्यंत नेला आहे.

## टप्पा १: आधी छत, मग माती

मिश्रणाचं प्रमाण ठरवण्याआधी छत किती वजन झेलेल ते बघा. लोकांचा ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापराचा भार धरला आहे. फक्त दुरुस्तीपुरतं चढायच्या छताला हाच आकडा ७५ किलो आहे. यात माणसं, सामान, कुंड्या सगळं आलं.

१२ इंची पिशवीत, वर दोन बोटं जागा सोडून, साधारण १८ लिटर मिश्रण बसतं. नुसत्या काळ्या मातीने भरून पूर्ण भिजवली तर ती ३० किलोच्या आसपास जाते. खाली दिलेल्या मिश्रणाची तीच पिशवी २२ किलोच्या आसपास राहते. फरक आठ किलोंचा वाटतो, पण १२ पिशव्यांमागे तो जवळजवळ क्विंटलभर होतो.

२२ किलोच्या पिशव्यासुद्धा एकमेकींना चिकटवून मांडल्या तर एका चौरस मीटरमध्ये नऊ बसतात आणि भार २०० किलोंच्या जवळ जातो. म्हणून एका चौरस मीटरमध्ये सहाच्या वर नको, चार ठेवल्या तर उत्तम. त्याही गच्चीच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंती किंवा बीम जिथून जातात त्या रेषेवर, एका ओळीत मांडा.

इशारा: माळवद असेल, किंवा शहाबादी फरशीचं लोखंडी तुळयांवरचं जुनं छत असेल, तर त्यावर हा उद्योग करू नका. स्लॅबला ओल किंवा गंजलेल्या सळईच्या रेषेत तडे दिसत असतील तर आधी अभियंत्याला दाखवा. मिश्रण कितीही हलकं केलं तरी अशा छताला ते उपयोगी नाही.

आणखी एक चूक सहज होते. मिश्रण करताना सगळा ढीग गच्चीच्या मध्यावर घालतात. १२ पिशव्यांचं ओलं मिश्रण अडीचशे-पावणेतीनशे किलोंचं होतं आणि ते सगळं खाटेएवढ्या जागेवर बसतं. जमल्यास खाली अंगणात मिसळा. वरच करायचं असेल तर भिंतीलगत, दोन-तीन छोट्या ढिगांत करा.

## टप्पा २: माती निवडणं आणि चाळणं

सगळी काळी माती एकसारखी नसते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण शहरात राहणारा 'काळी' एवढंच बघतो. आपल्याला भारी नको, मध्यम हवी. ओळखायची रीत सोपी आहे. मूठभर माती पाण्याने कणकेसारखी भिजवा आणि तळहातांमध्ये तिची जाड शेवई वळा. शेवई वळली आणि अंगठीसारखी वाकवूनही तुटली नाही तर माती भारी आहे. वळली पण वाकवताना तडकली तर ती मध्यम, आपल्या कामाची. वळलीच नाही तर ती बरड किंवा मुरमाड. तीही चालेल, फक्त वाटा थोडा वाढवावा लागेल. नदीकाठचा पोयटा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

दुसरी खात्री चुनखडीची. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका. आपल्याकडच्या बहुतेक मातीत थोडी चुरचुर ऐकू येईल, तेवढं चालतं. पण फेस उठला किंवा मातीत पांढरे खडे दिसले तर दुसरी माती बघा. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक त्यावर खतामागून खत घालत बसतात.

माती नेहमी कोरडी असताना आणा. म्हणून हे काम मृगाच्या आधी, मे महिन्यात उरकावं. ओली काळी माती चाळली जात नाही, तिचे गोळे होतात आणि ते गोळे पुढे मिश्रणात तसेच राहतात. ढेकळं कडक असतील तर हातोडी घेऊन बसू नका. त्यांच्यावर झारीने हलकं पाणी शिंपडा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. ढेकूळ आपोआप विरतं आणि हाताने चुरा होतो. मग पाव इंची जाळीतून चाळा. वाळू चाळायची जाळी याला पुरते.

तपासणी: चाळलेली माती मुठीत घेऊन सोडली तर ज्वारीच्या दाण्यांसारखी कणीदार पडली पाहिजे. पिठासारखा धुरळा उडत असेल तर तुम्ही ती जास्त कुटली आहे. तसली माती पहिल्याच पाण्यात थापल्यासारखी बसते.

## टप्पा ३: कोकोपीट फुगवणं आणि धुणं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

कोकोपीटची दाबलेली पाच किलोची वीट मोठ्या टबात ठेवून २५ लिटर पाणी घाला. अर्ध्या-पाऊण तासात ती फुगते आणि हाताने मोकळी केल्यावर ६० ते ७० लिटर भुसा मिळतो. प्रमाण मोजायचं ते या फुगलेल्या, पिळलेल्या भुशाचं. कोरड्या विटेचे तुकडे घमेल्याने मोजून मिसळले तर पहिल्या पाण्यात ते फुगतात, पिशवी वर येते आणि सगळं प्रमाण बिघडतं.

आता धुणं. नारळाच्या सालींत मूळचेच क्षार असतात, प्रामुख्याने पोटॅश आणि सोडियमचे. समुद्राकाठच्या खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सालींत ते आणखी असतात. न धुतलेल्या भुशात रोप लावलं की पानांच्या कडा करपतात आणि लोक समजतात ऊन लागलं.

फुगलेला भुसा गोणीत भरा, गोणी टबात बुडवून दहा मिनिटं ठेवा, उचलून निथळू द्या. असं तीनदा. पाण्याच्या फिल्टरसाठी घेतलेला टीडीएस मीटर घरात असेल तर तो इथे कामी येतो. आधी आपल्या नळाचं किंवा बोअरचं पाणी मोजा, मग गोणीतून निथळणारं. दोन्हींत २००-३०० पेक्षा कमी फरक राहिला की धुणं झालं. आकडा शून्याकडे नेण्याचा हट्ट नको. बोअरचं पाणीच ८०० असेल तर निथळणारं १०००-११०० आलं तरी पुरे.

मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर एवढं धुणं परवडत नाही, हे मान्य. अशा वेळी पाकिटावर 'धुतलेलं' किंवा 'कमी क्षाराचं' असं लिहिलेली वीट थोडी महाग असली तरी घ्या आणि एकदाच निथळा. निथळलेलं पाणी कुंड्यांना घालू नका, जिना धुवायला वापरा.

इशारा: भुसा धुवायला किंवा झाडांना आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी वापरू नका, कारण त्यात क्षार गोळा झालेले असतात. कूलरच्या टाकीत तळाला उरलेल्या पाण्याचंही तेच. उन्हाळाभर पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, आणि 'वाया कशाला घालवा' म्हणून ते संध्याकाळी तुळशीला जातं. टाकीच्या कडेला जमलेला पांढरा थर पाहिलात की मी काय म्हणतोय ते कळेल.

शेवटी भुसा मुठीत दाबा. बोटांतून एक-दोन थेंबच यावेत. धार लागली तर आणखी पिळा, नाहीतर पुढच्या टप्प्यात मातीचा लगदा होईल.

## टप्पा ४: खत आणि भरड माल

शेणखत किमान सहा महिने कुजलेलं हवं. रंग काळपट, वास पावसाने भिजलेल्या मातीचा, आणि हात घातल्यावर गरम लागता कामा नये. शेणाचा किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ते अजून कच्चं आहे. उकिरड्यावरून आणलेलं खत पसरून नीट बघा. पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या म्हणजे हुमणी. शेतात ती ऊस आडवा करते, पिशवीत तर तिला एकाच झाडाची मुळं मिळतात. खत ताडपत्रीवर पातळ पसरून दिवसभर उन्हात ठेवा, अळ्या वेचा, मग त्याच पाव इंची जाळीतून चाळा.

गांडूळखत शेणखताला पर्याय म्हणून घेत नाही, जोड म्हणून घेतो. शेणखत सावकाश झिरपतं, गांडूळखत रोपाला पहिल्या महिन्यात लागू पडतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतंच. उलट ते हळूहळू कुजताना थोडं नत्र ओढून घेतं, म्हणून खताचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवावा लागतो. याहून जास्तही नको. निम्म्यावर खत घातलेली पिशवी सहा महिन्यांत चार-पाच इंच खाली बसते आणि तळ घट्ट होतो.

भरड माल म्हणजे पाण्याला आणि हवेला वाट करून देणारे खडे. माझी पसंती वीटभट्टीवरच्या फुटक्या विटांना. त्या फोडून, चाळून, हरभऱ्याएवढे ते फार तर सुपारीएवढे तुकडे घ्यायचे. खालचा लाल भुगा काढून टाकायचा, नाहीतर तोच भोकं बुजवतो. विटेचा तुकडा सच्छिद्र असल्यामुळे वाळूपेक्षा हलका पडतो आणि थोडं पाणीही धरतो. पाडकामातला, सिमेंट चिकटलेला राबिट मात्र घेऊ नका. सिमेंटमुळे माती आणखी अल्कधर्मी होते आणि आपली माती आधीच त्या बाजूला झुकलेली आहे.

वाळूबद्दल दोन शब्द. काळ्या मातीत थोडी बारीक वाळू घातली की ती भुसभुशीत होईल हा समज घट्ट रुजला आहे. होतं उलटं. वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमातीने भरतात आणि वाळल्यावर गिलाव्यासारखा थर तयार होतो. खडी क्रशरवरची बारीक भुकटीही त्याच कारणाने नको. जाड, धुतलेली वाळू चालेल, पण पिशवीमागे वजन वाढेल ते मोजा.

चुलीची राख आणि चुना यात घालू नका. दोन्ही गोष्टी आंबट मातीच्या मुलखातल्या सल्ल्यांतून आपल्याकडे आल्या आहेत आणि इथे त्या लोह, जस्त आणखी बंद करतात. हाडांचा चुरासुद्धा आपल्या चुनखडीच्या मातीत फारसा विरघळत नाही. पैसे वाचवा. त्याऐवजी निंबोळी पेंड घ्या, पिशवीमागे दोन मुठी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम.

## टप्पा ५: मोजणं आणि मिसळणं

सगळं एकाच १० लिटरच्या बादलीने मोजा. किलोने मोजू नका, कारण ओल कमी-जास्त झाली की किलो फसवतो. घमेल्यानेही नको, कोण किती शीग लावतो त्याचा भरवसा नाही. बादली काठोकाठ भरा, दाबू नका, वरून फळीने सपाट करा.

दहा बादल्यांत प्रमाण असं: काळी माती २, वीटतुकडे २, कोकोपीट ३, शेणखत २, गांडूळखत १.

१२ पिशव्यांना प्रत्येकी १८ लिटर म्हणजे २१६ लिटर तयार मिश्रण लागतं. पण २१६ लिटर माल आणला तर दोन पिशव्या रिकाम्या राहतील. बारीक कण जाड तुकड्यांच्या फटींत बसतात, त्यामुळे एकूण माल सुमारे १५ टक्के घटतो. म्हणून २६ बादल्या घ्या: माती ५, वीटतुकडे ५, कोकोपीट ८, शेणखत ५, गांडूळखत ३. आठ बादल्या कोकोपीटसाठी पाच किलोची एक वीट आणि साडेसहाशे ग्रॅमच्या दोन छोट्या विटा पुरतात. निंबोळी पेंड सव्वा किलो.

आता क्रम, कारण सगळं एकदम ओतून फावडं मारलं की काळ्या मातीचे गोटे होतात आणि ते नंतर फुटत नाहीत.

१. ताडपत्रीवर कोरडी माती पसरा. तिच्यावर शेणखत, गांडूळखत आणि पेंड. खतही कोरडसरच हवं. तीन वेळा उलटंपालटं करा, मातीचा रंग सगळीकडे एकसारखा दिसेपर्यंत. मातीच्या कणांना आधी खताचं आवरण बसलं की पुढे ते एकमेकांना चिकटत नाहीत.

२. त्यात वीटतुकडे घाला. ते आधी तासभर पाण्यात बुडवून, निथळून, वरून कोरडसर करून घ्या. कोरडा विटेचा तुकडा शेजारची ओल शोषून घेतो.

३. सगळ्यांत शेवटी पिळलेलं कोकोपीट, एकेक बादली पसरत. ताडपत्रीचे दोन कोपरे धरून ढीग समोरच्या बाजूला लोळवा, मग उरलेले दोन. चार-पाच लोळवण्यांत मिश्रण एकजीव होतं, फावड्याची गरज पडत नाही.

तपासणी: मिश्रणाची मूठ दाबा आणि उघडा. लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने टोचताच फुटला पाहिजे. लाडू टिकून राहिला, वर बोटांचे ठसे उमटले, तर माती जास्त झाली किंवा ओल जास्त आहे. लाडू वळलाच नाही तर थोडं पाणी शिंपडा.

मग ढीग सावलीत, गोणपाटाखाली, १०-१५ दिवस मुरू द्या. मधे एकदा पालटा. हात घातल्यावर गरम लागला तर शेणखत कच्चं होतं. थंड होईपर्यंत थांबा.

## टप्पा ६: भरण्याआधी तीन चाचण्या

या टाळल्या तर आधीची सगळी मेहनत नशिबावर सोडल्यासारखी आहे. तिन्हींना मिळून आठवडा लागतो आणि तो मुरण्याच्या काळातच निघतो.

पहिली, निचऱ्याची. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घासून घ्या, वरचं तोंड कापा, तळाला चार भोकं पाडा आणि ती बाहेरून चिकटपट्टीने बंद करा. मोजून चार लिटर मिश्रण भरा, कॅन दोनदा जमिनीवर आपटून बसवा. हळूहळू पाणी घाला, अगदी मिश्रणाच्या पातळीला येईपर्यंत. तासाभराने पातळी खाली गेली तर परत भरा. मग खाली परात ठेवून पट्टी काढा आणि अर्ध्या तासात गळालेलं पाणी मोजा. जेवढं पाणी गळलं तेवढी हवा आत शिरली, आणि मुळांना श्वासाला तेवढीच जागा आहे.

चार लिटरमागे ६०० ते ८०० मिली गळलं तर मिश्रण जमलं. ४०० च्या खाली गळलं तर भरड माल कमी आहे. दर दहा बादल्यांमागे एक बादली वीटतुकडे वाढवा आणि चाचणी परत करा. लिटरच्या वर गळलं तर मिश्रण उन्हाळ्यात टिकणार नाही, अर्धी-एक बादली माती वाढवा. उत्सुकतेपोटी मी गाळाच्या मातीचा कॅन शेजारी लावला होता. परातीत जेमतेम अर्धा पेला पाणी पडलं.

दुसरी, वजनाची. एक पिशवी भरा, पाणी खालून वाहेपर्यंत द्या, निथळली की ताणकाट्याला लावा. भंगारवाल्याकडे असतो तसला काटा चालतो. २० ते २४ किलो ठीक. २६ च्या वर गेलं तर माती किंवा वाळू जास्त आहे, किंवा खतातच निम्मी माती होती. उकिरड्याच्या खताचं हे नेहमीचं आहे. वजन नेहमी भिजलेल्या पिशवीचं करा. छतावर जुलैच्या पावसातली पिशवी उभी राहणार आहे.

तिसरी, मेथीची. वाटीभर मिश्रणात मेथीचे २० दाणे आणि शेजारी नुसत्या बागेच्या मातीत २० दाणे टाका. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे जवळपास सारखे उगवले पाहिजेत. मिश्रणात निम्मेच उगवले, किंवा कोंबांची टोकं तपकिरी झाली, तर एकतर क्षार जास्त आहेत किंवा खत कच्चं आहे. ढीग भरपूर पाण्याने एकदा धुऊन निथळा आणि आणखी दोन आठवडे थांबा.

## टप्पा ७: पिशवी भरणं

तळाला खडी किंवा खापरांचा थर घालायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. निचऱ्यासाठी म्हणून घालतात, पण होतं उलटं. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, थोड्या वेळाने गळायचा थांबेल. आता तोच उभा धरा, परत थेंब पडू लागतील. म्हणजे तळाशी अडकून राहणाऱ्या पाण्याचा थर मिश्रणाच्या जातीवर ठरतो, आणि मिश्रणाची उंची वाढली की वरचा भाग मोकळा होतो. तुम्ही खाली तीन इंच खडी भरली की मिश्रणाची उंची तीन इंचांनी घटते आणि तोच ओला थर मुळांच्या जवळ वर सरकतो. शिवाय खडीचं वजन छतावर. भोकावर शेडनेटचा हातभर तुकडा ठेवा, एवढं पुरे. भोकं तळाबरोबरच कडेलाही, तळापासून बोटभर उंचीवर चार असावीत.

मिश्रण तीन थरांत भरा, प्रत्येक थरानंतर पिशवी उचलून एकदा आपटा. हाताने दाबू नका. वर दोन बोटं जागा सोडा. पिशवी थेट स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा. खालून वारं फिरलं की निचरा होतो आणि स्लॅबवर ओलीचा डाग बसत नाही.

पहिलं पाणी झारीने, तीन हप्त्यांत, प्रत्येकी दहा मिनिटांच्या अंतराने. रोप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावा.

## टप्पा ८: पुढच्या वर्षभरात मिश्रण कुठे बिघडतं

पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर वरचं पाणी किती वेळात मुरतं ते बघा. मिनिटभरात दिसेनासं झालं पाहिजे. पाच मिनिटं तळं साचत असेल तर वरचा थर बसला आहे. काट्याने दोन बोटं खोल हलवा आणि ओंजळभर वीटतुकडे मिसळा.

खताचा पहिला साठा महिना-सव्वा महिना पुरतो. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी पिशवीमागे दोन मुठी गांडूळखत वर पसरून हलकं ढवळायचं. एकदम घमेलंभर ओतून सहा महिने विसरायचं, हे शेतातलं गणित इथे चालत नाही.

उन्हाळ्यात धोका वेगळा. कोकोपीट एकदा पूर्ण कोरडं पडलं की सहज पाणी धरत नाही. पाणी वरून ओघळतं, खालून लगेच बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं पिशवी भिजली. उचलून बघा, हलकी लागली तर आत कोरडीच आहे. टबात पाणी घेऊन पिशवी अर्धा तास त्यात बसवा, खालून चढू द्या. यापेक्षा ती वेळच येऊ नये म्हणून मार्चपासून वर ज्वारीच्या कडब्याचे तुकडे किंवा वाळलेला पाला तीन बोटं अंथरून ठेवा.

बोअरच्या पाण्यावर असलेल्यांच्या पिशव्यांच्या काठावर मेअखेरीस पांढरी पुटं येतात. पहिल्या चांगल्या पावसात त्या पिशव्या आडोशातून बाहेर काढून उघड्यावर ठेवा, क्षार धुऊन निघतात. धुतल्यावर गांडूळखताचा हप्ता द्यायला विसरू नका, कारण त्याच पाण्याबरोबर नत्रही गेलेलं असतं.

वर्षाअखेर मिश्रण दोन-तीन इंच खाली बसलेलं दिसेल. ते फेकू नका. ताडपत्रीवर ओता, मुळं काढा, गोटे झाले असतील तर शिंपडून-वाळवून विरू द्या, आणि दहा बादल्यांमागे दीड बादली शेणखत आणि एक बादली कोकोपीट नव्याने घाला. माती घालायची नाही, ती तेवढीच राहिलेली असते. वीटतुकडेही तेच. मग तेलाचा कॅन माळ्यावरून काढायचा आणि चार लिटरची चाचणी परत लावायची.